तेरीज जुळली, पण उत्तर चुकले

तेरजेच्या नावे बाजूची बेरीज १,८४,८०० रुपये आणि जमा बाजूचीही १,८४,८०० रुपये. दोन्ही आकड्यांखाली दुहेरी रेघ मारून झालेली. शिक्षकांच्या आदर्श उत्तरातही बेरीज १,८४,८०० रुपयेच. तरीही तपासलेल्या उत्तरपत्रिकेत दोन ओळींना लाल फुली आणि पुढे सोडवलेल्या नफा-तोटा खात्यालाही फुली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला हा शुद्ध अन्याय वाटतो. तेरीज जुळवण्यासाठी तर एवढा खटाटोप केला होता, मग ती जुळल्यावर गुण कापले कशाचे?

हा प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वर्गात विचारला जातो आणि ‘ही भरपाई चूक आहे, ती तेरजेत दिसत नाही’ एवढ्या एका वाक्यावर बहुतेक वेळा संपतो. वाक्य खरे आहे, पण त्यातून काही कळत नाही. ती चूक का दिसत नाही, पुढे कुठवर जाते आणि शोधायची कुठे, हे कळण्यासाठी एका दुकानाचा महिनाभराचा हिशोब उलगडून पाहावा लागतो. अकरावीच्या सरावात येतात तसे बेताचे आकडे त्यासाठी पुरेसे आहेत.

कापडाचे एक नवे दुकान आहे असे धरू. मालकाने १,००,००० रुपये रोख भांडवल घातले. १२,००० रुपयांचे फर्निचर रोखीने घेतले, महिन्याचे भाडे ६,००० आणि पगार ९,००० रुपये रोख दिले. तीन व्यापाऱ्यांकडून उधारीवर माल आणला. त्यांची बिले १८,४५०, १४,७०० आणि ११,३५० रुपयांची, म्हणजे एकूण ४४,५०० रुपयांची होती. त्यातले २०,००० रुपये महिनाअखेरीपर्यंत चुकते केले. रोख विक्री २१,५०० रुपयांची झाली. उधार विक्रीची चार बिले झाली: १६,२००, ८,९००, ९०० आणि १२,८०० रुपयांची. त्यांची बेरीज ३८,८०० रुपये. या उधारीपैकी १०,००० रुपये वसूल झाले.

एवढे व्यवहार नीट खतावले, तर गल्ल्यात ८४,५०० रुपये उरतात, गिऱ्हाइकांकडून २८,८०० रुपये येणे राहतात आणि व्यापाऱ्यांचे २४,५०० रुपये देणे राहतात. आता विद्यार्थिनीची तेरीज आणि बरोबर तेरीज शेजारी शेजारी ठेवून पाहू.

| खाते | बरोबर शिल्लक | विद्यार्थिनीने लिहिलेली |
|---|---|---|
| नावे बाजू | | |
| रोख | ८४,५०० | ८४,५०० |
| फर्निचर | १२,००० | १२,००० |
| खरेदी | ४४,५०० | ४५,४०० |
| भाडे | ६,००० | ६,००० |
| पगार | ९,००० | ९,००० |
| ऋणको | २८,८०० | २७,९०० |
| एकूण | १,८४,८०० | १,८४,८०० |
| जमा बाजू | | |
| भांडवल | १,००,००० | १,००,००० |
| धनको | २४,५०० | २४,५०० |
| विक्री | ६०,३०० | ६०,३०० |
| एकूण | १,८४,८०० | १,८४,८०० |

चुका दोन ठिकाणी आहेत आणि त्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. पहिली खरेदीत आहे. खरेदी पुस्तकाची बेरीज तिने बरोबर केली होती, ४४,५०० रुपये. तो आकडा खरेदी खात्यात नेताना मधल्या दोन अंकांची अदलाबदल झाली आणि ४५,४०० लिहिले गेले. व्यापाऱ्यांच्या खात्यांत मात्र तिन्ही बिले ज्याची त्याला नीट जमा झाली. परिणामी नावे बाजू ९०० रुपयांनी फुगली.

दुसरी चूक ऋणकोंच्या खात्यांत आहे. विक्री पुस्तकात चारही बिले होती, त्यांची ३८,८०० रुपयांची बेरीज विक्री खात्याला रीतसर जमा झाली. पण प्रत्येक बिल त्या त्या गिऱ्हाइकाच्या नावे टाकायचे असते, आणि ते टाकताना ९०० रुपयांचे छोटे बिल राहून गेले. त्यामुळे नावे बाजू ९०० रुपयांनी घटली. एका चुकीने वाढवलेले दुसरीने खाल्ले आणि तळाची बेरीज होती तिथेच राहिली.

तेरीज नेमके काय तपासते, हे इथे नीट पाहायला हवे. द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक व्यवहार दोनदा लिहिला जातो, एकदा नावे आणि तेवढ्याच रकमेने एकदा जमा. म्हणून महिनाअखेरीस सगळ्या नावे शिलकांची बेरीज आणि सगळ्या जमा शिलकांची बेरीज सारखी यायला हवी. तेरीज फक्त हे एक समीकरण पडताळून पाहते. खरेदी खरोखर किती झाली, गिऱ्हाईक किती देणे लागते, याबद्दल ती काहीच विचारत नाही. तराजूची दोन्ही पारडी समान आली म्हणून पारड्यात तांदूळ आहे की वाळू, हे जसे कळत नाही, तसेच हे आहे.

गणिताच्या अंगाने सांगायचे, तर नावे बाजूचे प्रत्येक जादा लिखाण अधिक धरा, प्रत्येक राहून गेलेले लिखाण उणे धरा आणि जमा बाजूच्या चुकांना उलट चिन्ह द्या. तेरजेतला फरक म्हणजे या सगळ्यांची बेरीज. चूक एकच असेल तर बेरीज शून्य येऊच शकत नाही, म्हणून तेरीज तिला पकडते. चुका दोन किंवा अधिक असतील, तर बेरीज शून्य येऊ शकते. तेरजेला दिसतो तो हा शेवटचा आकडा. त्यामागे एकही चूक नाही की चार चुका आहेत, हे त्या आकड्यावरून ठरवता येत नाही.

या प्रकरणात आणखी एक नुकसान झाले, आणि ते सहसा लक्षात येत नाही. हिशोबनिसांकडे एक जुना आडाखा आहे: तेरजेतल्या फरकाला ९ ने निःशेष भाग गेला, तर कुठल्या तरी आकड्यातले दोन अंक उलटे लिहिले गेले असण्याची शक्यता तपासावी. शेजारशेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की फरक नेहमी ९ च्या पटीतच येतो. ४५ ऐवजी ५४ लिहिले तर ९ चा, ८३ ऐवजी ३८ लिहिले तर ४५ चा. दशकातला अंक दहापट मोजला जातो आणि एककातला एकपट. जागा बदलली की एकाची किंमत त्या अंकाच्या नऊपटीने वाढते, दुसऱ्याची त्याच्या नऊपटीने घटते आणि राहतो तो दोन अंकांतल्या फरकाच्या नऊपट आकडा. खरेदीची चूक एकटीच असती, तर तेरजेत ९०० चा फरक आला असता. ९०० ला ९ ने भाग जातो. विद्यार्थिनीने ४४,५०० आणि ४५,४०० पाच मिनिटांत शोधून काढले असते. राहून गेलेल्या बिलाने ती खूणच पुसून टाकली.

इथपर्यंत हे प्रकरण तेरजेपुरते आहे. खरा धक्का त्यापुढे बसतो. महिनाअखेरीस दुकानात मोजून ९,५०० रुपयांचा माल शिल्लक निघाला असे धरू. बरोबर हिशोबात विकलेल्या मालाची किंमत ४४,५०० उणे ९,५००, म्हणजे ३५,००० रुपये. विक्री ६०,३०० रुपये, म्हणून ढोबळ नफा २५,३०० रुपये. त्यातून भाडे आणि पगाराचे १५,००० रुपये गेले की निव्वळ नफा १०,३०० रुपये. विद्यार्थिनीच्या उत्तरात खरेदी ९०० रुपयांनी जास्त आहे, म्हणून ढोबळ नफा २४,४०० आणि निव्वळ नफा ९,४०० रुपये येतो.

मग ताळेबंद तरी बिघडेल, असे कोणालाही वाटेल. पण तोही जुळतो. तिच्या भांडवलात ९,४०० रुपये नफा मिळवला की १,०९,४०० होतात, त्यात धनकोंचे २४,५०० मिळवले की १,३३,९००. दुसऱ्या बाजूला रोख ८४,५००, फर्निचर १२,०००, ऋणको २७,९०० आणि शिल्लक माल ९,५००, यांची बेरीजही १,३३,९००. बरोबर ताळेबंद मात्र १,३४,८०० रुपयांचा आहे. नफा ९०० ने कमी आणि येणे ९०० ने कमी, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच घटल्या. विद्यार्थिनीच्या हातात जुळलेली तेरीज आहे, जुळलेला ताळेबंद आहे, आणि नफा चुकलेला आहे.

चुकांची जोडी कोणत्या दोन खात्यांत पडते, यावर नुकसान ठरते. समजा, खरेदी ९०० ने जास्त आणि भाडे ९०० ने कमी लिहिले गेले असते. तेरीज जुळली असती आणि निव्वळ नफाही १०,३०० हा बरोबरच आला असता, कारण दोन्ही खर्चाचीच खाती. पण ढोबळ नफा ९०० ने कमी दिसला असता आणि मालक विनाकारण कापडाचे भाव तपासत बसला असता. समजा, फर्निचर ९०० ने जास्त आणि ऋणको ९०० ने कमी असते, तर नफ्याला त्या दिवशी काहीच झाले नसते. मात्र दहा टक्के घसारा काढताना १२,००० ऐवजी १२,९०० धरले जातात आणि वर्षाला ९० रुपयांचा जादा घसारा नफ्यात शिरतो. आणि खरेदी व विक्री दोन्ही ९०० ने जास्त लिहिली असती, तर तेरजेच्या दोन्ही बाजू १,८५,७०० झाल्या असत्या आणि नफा बरोबर आला असता. या शेवटच्या प्रकारात निदान आदर्श उत्तराशी बेरीज ताडून पाहिल्यावर शंका येते. आपल्या विद्यार्थिनीची जोडी मात्र एकाच बाजूला, एक अधिक आणि एक उणे अशी पडली, म्हणून तिची बेरीजसुद्धा आदर्श उत्तरासारखीच निघाली.

आता परीक्षकाच्या बाजूने पाहू. त्याच्यापुढे प्रश्न असा आहे: या व्यवहारांवरून प्रत्येक खात्याची शिल्लक काढा आणि तेरीज मांडा. विचारलेले उत्तर म्हणजे नऊ खात्यांच्या नऊ शिलका. तळाची बेरीज हे त्या नऊ आकड्यांतून आपोआप निघणारे फळ आहे, ती मुख्य उत्तर नव्हे. म्हणून तो ओळ-ओळ ताडून पाहतो आणि खरेदी व ऋणको या दोन ओळींना गुण देत नाही. त्याने दिले असते, तर २७,९०० हे येणे खरे आहे असे मान्य केल्यासारखे झाले असते, आणि दुकानदाराला एका गिऱ्हाइकाकडून ९०० रुपये मागायचे आहेत हे वहीतून कायमचे नाहीसे झाले असते.

पुढच्या फुल्यांबद्दल मात्र विद्यार्थिनीची तक्रार काही अंशी रास्त आहे. नफा-तोटा खाते तिने योग्य रीतीने सोडवले. फक्त वरून आलेला आकडा चुकीचा होता. केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय लेखाकर्म परीक्षांच्या गुणदान पद्धतीत अशा वेळी विद्यार्थ्याचा स्वतःचा आकडा ग्राह्य धरण्याची सोय आहे. मागची चूक एकदाच शिक्षेला पात्र ठरते, पुढची रीत बरोबर असेल तर तिथले गुण मिळतात. ही न्याय्य पद्धत आहे, कारण रीत येणे आणि आकडा बरोबर असणे ही दोन वेगळी कौशल्ये तिच्यात वेगळी मोजली जातात. पण त्या पद्धतीतही मूळ दोन ओळींचे गुण जातातच.

परीक्षेत याच विषयावर दुसऱ्या रूपात प्रश्न येतो तेव्हा आणखी एक गोंधळ होतो: तेरीज ज्यांना पकडत नाही अशा चुकांचे प्रकार ओळखा. व्यवहार मुळातच लिहायचा राहिला, एका गिऱ्हाइकाऐवजी दुसऱ्याच्या नावे टाकला, फर्निचरची खरेदी दुरुस्ती खर्चात टाकली, किंवा बिलाचीच रक्कम चुकीची उचलली, या सगळ्या चुका तेरजेतून निसटतात. मग त्या भरपाई चुका का नाहीत? कारण त्यांत चूक एकच असते आणि ती नावे व जमा दोन्हीकडे सारखीच पोचते, किंवा एका बाजूच्या एका खात्यातून त्याच बाजूच्या दुसऱ्या खात्यात सरकते. भरपाई चुकीत प्रत्येक चूक एकांगी असते. ओळखण्याची रीत सोपी आहे. दोन चुकांपैकी एक मनातल्या मनात दुरुस्त करून पाहावी. तेवढ्याने तेरीज बिघडत असेल, तर ती भरपाई चुकांची जोडी आहे. आपल्या उदाहरणात खरेदी ४४,५०० केली की नावे बाजू १,८३,९०० होते आणि दुसरी चूक उघडी पडते.

दुरुस्तीच्या नोंदीतही विद्यार्थी इथेच अडखळतात. एकांगी चुका उचंत खात्यातून दुरुस्त करायच्या, असे त्यांना शिकवलेले असते. तेरीज जुळत नसेल, तेव्हा राहिलेला फरक या खात्यात टाकून ठेवतात आणि चुका सापडतील तसा तो काढतात. इथे तेरीज जुळलेली आहे, म्हणजे उचंत खाते उघडलेलेच नाही. मग काय करायचे? दोन मार्ग आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात उचंत खात्याच्या नावे ९०० लिहून खरेदी खात्याला ९०० जमा करायचे, आणि मग गिऱ्हाइकाच्या नावे ९०० लिहून उचंत खात्याला ९०० जमा करायचे. उचंत खाते शून्यावर उघडते आणि शून्यावरच बंद होते. दुसऱ्यात एकच नोंद पुरते: गिऱ्हाइकाच्या नावे ९००, खरेदी खात्याला जमा ९००.

ही एकच नोंद दिसायला विचित्र आहे. गिऱ्हाइकाने खरेदी परत केली की काय, असे वाचणाऱ्याला वाटू शकते. म्हणून तिच्याखाली स्पष्टीकरण लिहिणे अत्यावश्यक आहे: खरेदीची बेरीज खतावताना ९०० रुपये जास्त लिहिले गेले आणि विक्री पुस्तकातले ९०० रुपयांचे बिल ऋणकोच्या खात्यात टाकायचे राहिले, त्यांची दुरुस्ती. स्पष्टीकरणाचे गुण कमी असतात म्हणून मुले ते गाळतात. पुढच्या वर्षी ती वही उघडणाऱ्याला मात्र त्या दोन ओळींशिवाय काहीच कळणार नाही.

दोन चुका अगदी रुपयाला रुपया जुळून येण्याचा योग प्रत्यक्ष दुकानात क्वचितच येतो. पाठ्यपुस्तकात तो सहज घडतो, कारण तिथे आकडे सोयीचे असतात. व्यवहारात त्याहून वारंवार होते ती अर्धवट भरपाई, आणि ती अधिक घातक आहे. समजा, राहून गेलेले बिल ९०० ऐवजी ८०० रुपयांचे असते. तेरजेत १०० रुपयांचा फरक आला असता. हिशोबनीस म्हणाला असता, शंभर रुपयेच तर आहेत, टाका उचंतात आणि पुढे चला. त्या शंभर रुपयांच्या मागे प्रत्यक्षात ९०० आणि ८०० अशा १,७०० रुपयांच्या चुका दडलेल्या आहेत. शिवाय १०० ला ९ ने भाग जात नाही, म्हणून उलट्या अंकांचा संशयही कोणाला आला नसता. उचंत खात्यातली शिल्लक छोटी आहे म्हणून चुकाही छोट्याच असतील, हे अनुमान मुळात चुकीचे आहे. ती शिल्लक म्हणजे चुकांची वजाबाकी होऊन उरलेला आकडा असतो, चुकांचे एकूण माप नव्हे.

मग अशा चुका पकडायच्या कशा? तेरीज जुळल्यावर त्या शोधायला कुठलेच निमित्त उरत नाही, म्हणून त्या तेरजेच्या आधीच पकडाव्या लागतात. विक्री पुस्तकात प्रत्येक नोंदीपुढे खाते पानाचा रकाना असतो. बिल ज्या गिऱ्हाइकाच्या खात्यात टाकले, त्या पानाचा क्रमांक तिथे लिहायचा आणि तो खतावून झाल्यावरच लिहायचा. विद्यार्थिनीने हा रकाना प्रामाणिकपणे भरला असता, तर ९०० रुपयांच्या बिलापुढची जागा रिकामी दिसली असती. बरीच मुले वेळ वाचवण्यासाठी सगळे क्रमांक आधीच भरून टाकतात किंवा रकाना कोराच ठेवतात, आणि मग त्याचा उपयोग संपतो.

द्विनोंदी पद्धतीचे पहिले छापील विवेचन लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आहे. खतावणी बंद करताना दोन्ही बाजूंच्या एकूण बेरजा समान येतात का, हे पाहायला तो सांगतोच. पण त्याआधीची एक पायरीही त्याने दिली आहे. व्यापाऱ्याने सोबतीला एक मदतनीस घ्यावा, एकाने रोजकीर्द आणि दुसऱ्याने खतावणी पुढ्यात ठेवावी, एकेक नोंद वाचून ताडून पाहावी आणि ताडलेल्या नोंदीवर खूण करावी. पाचशे वर्षांपूर्वीचे हे काम कंटाळवाणे खरेच, पण आपल्या विद्यार्थिनीच्या दोन्ही चुका त्यात नक्की सापडल्या असत्या. या पायरीत प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे तपासली जाते, त्यामुळे एका चुकीला दुसरीच्या आड लपता येत नाही.

मोठ्या दुकानात हजारो नोंदी असतात. तिथे हीच कल्पना थोडी आवरून वापरतात: एकूण ऋणको खाते आणि एकूण धनको खाते. विक्री पुस्तकाची बेरीज ३८,८००, त्यातून वसुली १०,००० वजा केली की येणे २८,८०० असायला हवे. गिऱ्हाइकांच्या सुट्या खात्यांची बेरीज मात्र २७,९०० येते. फरक ९००, आणि तोही फक्त ऋणकोंच्या भागात. दुसरीकडे व्यापाऱ्यांच्या खात्यांत जमा झालेली बिले ४४,५०० आणि खरेदी खाते ४५,४००, इथेही फरक ९००. तेरीज संपूर्ण वहीची एकच बेरीज पाहते. ही खाती वहीचे तुकडे पाडून प्रत्येकाची वेगळी बेरीज पाहतात. दोन चुका वेगवेगळ्या तुकड्यांत पडल्या, की त्यांची एकमेकींना मदत थांबते. अर्थात दोन्ही चुका ऋणकोंच्याच भागात पडल्या, म्हणजे एका गिऱ्हाइकाच्या नावे ९०० जास्त आणि दुसऱ्याच्या नावे ९०० कमी, तर हाही उपाय हरतो. तेव्हा उरतो तो बाहेरचा पुरावा: गिऱ्हाइकालाच विचारणे. लेखापरीक्षक वर्षअखेरीस गिऱ्हाइकांना पत्र पाठवून शिल्लक मान्य आहे का, असे विचारतात ते त्यासाठीच. भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या लेखापरीक्षण मानकांत एसए ५०५ हे मानक या बाहेरच्या पुष्टीविषयी आहे.

आज बहुतेक दुकानांचे हिशोब संगणकावर आहेत आणि त्यामुळे हा विषय जुना झाला, असे अनेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. टॅलीसारख्या प्रणालीत व्हाउचरच्या दोन्ही बाजू सारख्या नसतील तर ते जतनच होत नाही, आणि एकदा टाकलेली रक्कम खात्यापर्यंत नेण्याचे काम यंत्र करते. खतावताना अंक उलटे लिहिणे किंवा बिल राहून जाणे, या एकांगी चुका तिथे संपल्या. पण एक दार उघडे राहिले आहे: सुरुवातीच्या शिलका. जुन्या वहीतून किंवा दुसऱ्या प्रणालीतून प्रत्येक खात्याची शिल्लक एकेक करून हाताने भरली जाते, तेव्हा ती एकांगीच असते. भरलेल्या शिलकांच्या दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर टॅली ताळेबंदात `Difference in Opening Balances` अशी ओळ दाखवते. हे उचंत खात्याचेच रूप आहे. पण मालसाठा आणि ऋणको यांच्या शिलकांत समान रकमेच्या उलट चुका झाल्या, तर ही ओळ उमटतच नाही. भरणारा निर्धास्त होतो आणि पुढची कित्येक वर्षे त्याच शिलकांवर हिशोब चढत जातो. म्हणून शिलका भरून झाल्यावर ती ओळ दिसत नाही एवढ्यावर न थांबता, जुन्या ताळेबंदाची छापील प्रत हातात घेऊन प्रत्येक खाते ताडायला हवे.

अशी चूक वर्ष संपून हिशोब बंद झाल्यावर सापडली, तर दुरुस्तीची नोंद बदलते. खरेदी खाते मागच्या वर्षीच व्यापार खात्यात नेऊन बंद केलेले असते, त्याला आता जमा करून काही साधत नाही; उलट चालू वर्षाची खरेदी विनाकारण ९०० ने घटेल. म्हणून गिऱ्हाइकाच्या नावे ९०० लिहून नफा-तोटा समायोजन खात्याला ९०० जमा करतात. मागच्या वर्षी जो नफा ९०० रुपयांनी कमी दिसला होता, तो या खात्यातून मालकाच्या भांडवलात जातो. कंपनी असेल, तर लेखामानक ५ नुसार अशी मागच्या काळातली रक्कम चालू वर्षाच्या नफ्यात मिसळून न दाखवता वेगळी दाखवावी लागते. गिऱ्हाइकाच्या खात्यात ते ९०० रुपये परत आले, की त्याच दिवशी त्याला बिलाची प्रत पाठवून वसुलीची आठवण करून द्यावी लागते, कारण एवढ्या काळात त्याला तगादा लावायला वहीत काहीच आधार नव्हता.